छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि स्विचमधील वॅटांचा जमाखर्च

कार्यालयाच्या छताला बसविलेला वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट दिवसातून चार-दोन वेळा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला, किंवा अखंड सुरू असूनही त्याच्याखाली बसणाऱ्यांना अपेक्षित वेग मिळेनासा झाला, म्हणजे तक्रारीचा रोख प्रथम त्या यंत्राकडेच वळतो. मग कोणी त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करतो, कोणी चॅनेल बदलून पाहतो, कोणी हमीच्या मुदतीत आहे म्हणून यंत्रच परत पाठवून नवे मागवितो. आणि नवे यंत्रही त्याच जागी, त्याच तारेवर, तसेच वागू लागले की सर्वांनाच आश्चर्य वाटते. वस्तुतः अशा कितीतरी प्रकरणांत कारण छतावर नसून खालच्या रॅकमधील स्विचमध्ये असते. कारण आजचा अ‍ॅक्सेस पॉइंट भिंतीवरच्या प्लगमधून वीज घेत नाही, ज्या इथरनेटच्या तारेतून त्याच्याकडे माहिती जाते त्याच तारेतून त्याला वीजही मिळते, आणि ती देणाऱ्या स्विचजवळची एकूण पुंजी मोजकी असते.

या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, किंवा नेटवर्कवाल्यांच्या नित्याच्या बोलीत ‘पीओई’, म्हणतात. तिचे पहिले प्रमाण आयईईई या संस्थेने २००३ साली ८०२.३एएफ या नावाने प्रसिद्ध केले, दुसरे ८०२.३एटी हे २००९ साली आले, आणि तिसरे, ८०२.३बीटी, २०१८ साली. पहिल्या प्रमाणानुसार स्विचच्या एका पोर्टाने जास्तीत जास्त १५.४ वॅट द्यावेत, दुसऱ्यानुसार ३०, आणि तिसऱ्यात ही मर्यादा ६० व ९० वॅटपर्यंत वाढविलेली आहे. हे आकडे स्विचच्या टोकाचे आहेत, हे येथेच ध्यानात घेतलेले बरे. कारण तार म्हटली की तिला रोध आला, आणि रोध आला की वाटेत उष्णतेच्या रूपाने शक्तीचा काही अंश नाश पावणारच. दुसऱ्या प्रमाणात कमाल प्रवाह ०.६ अँपिअर आणि तारेचा रोध १२.५ ओहम धरलेला आहे. प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणिले असता ४.५ वॅट येतात, आणि म्हणूनच ३० वॅट निघाले तरी पलीकडच्या यंत्राला २५.५ वॅटांचीच शाश्वती दिलेली असते. पहिल्या प्रमाणातील १५.४ वॅटांचे तारेच्या दुसऱ्या टोकाशी १२.९५ वॅट होतात ते याच हिशेबाने.

वीज सोडण्यापूर्वी स्विच दोन गोष्टींची खात्री करून घेतो. प्रथम तो दहा व्होल्टांहूनही कमी असा अल्प दाब देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे की नाही ते तपासतो. तो आढळला तरच समोरचे यंत्र वीज घेणाऱ्या जातीचे आहे असे तो मानतो, आणि म्हणूनच साधा लॅपटॉप त्याच पोर्टाला जोडला तरी त्याला इजा होत नाही. त्यानंतर दाब थोडा वाढवून तो यंत्राचा वर्ग विचारतो. यंत्र ठराविक प्रवाह ओढून आपला वर्ग सांगते: दुसऱ्या वर्गाच्या यंत्रासाठी स्विचने ७ वॅट राखावेत, तिसऱ्यासाठी १५.४, चौथ्यासाठी ३०, असा दंडक आहे. टेबलावरचे टेलिफोन बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि गेल्या काही वर्षांतील बहुतेक कार्यालयीन अ‍ॅक्सेस पॉइंट चौथ्या वर्गात, काही तर त्याच्याही वर. वीज सुरू होऊन यंत्र जागे झाल्यावर ते एलएलडीपी नावाच्या संदेशांनी आपली नेमकी मागणी वॅटच्या दशांशापर्यंत कळवू शकते, आणि स्विच ती मान्य किंवा अमान्य करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. स्विचला ४८ पोर्ट आहेत आणि प्रत्येक पोर्ट ३० वॅट देण्यास समर्थ आहे, असे माहितीपत्रकात लिहिलेले असले तरी अठ्ठेचाळीसही पोर्टांना एकाच वेळी ३० वॅट मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. स्विचच्या पॉवर सप्लायला स्वतःची मर्यादा असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ४८ पोर्टांच्या कित्येक स्विचांत पीओईसाठी एकूण तरतूद ३७० वॅटांची असते, आणि त्याच घराण्यातील महागड्या नमुन्यांत ७४० वॅटांची. हे आकडे ओघाने आलेले आहेत: चोवीस पोर्टांना १५.४ प्रमाणे दिले तर ३६९.६ वॅट होतात, अठ्ठेचाळीस पोर्टांना दिले तर ७३९.२. म्हणजे ३७० वॅटांच्या स्विचची मूळ कल्पनाच अशी की निम्मे पोर्ट पहिल्या प्रमाणाची वीज घेतील आणि बाकीच्यांना संगणक जोडले जातील. ज्या काळी छतावर दोन-तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आणि टेबलांवर टेलिफोन एवढाच संसार होता, त्या काळी ही तरतूद भरपूर होती.

एखाद्या सरकारी खजिन्यातून प्रत्येक खात्याला वर्षारंभी मंजूर झालेली रक्कम ते खाते खर्च करो वा न करो, ती त्याच्याच नावे राखून ठेवावी, आणि दुसऱ्या खात्याचा अर्ज आला असता शिल्लक नाही असे उत्तर द्यावे, तसाच अनेक स्विचांचा कारभार असतो. अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्यक्षात १४ वॅट घेत असला तरी वहीत त्याच्या नावे ३० वॅट मांडलेले असतात, आणि उरलेले १६ वॅट दुसऱ्या कोणासही मिळत नाहीत. ही रीत सावधगिरीची आहे व तिच्यामुळे मंजूर झालेली वीज मध्येच तुटत नाही. परंतु स्विचचा मापक अर्धीही शक्ती वापरात नसल्याचे सांगत असता नवे यंत्र नाकारले कसे जाते, या कोड्याचे उत्तरही याच रीतीत आहे.

समजा, एका मजल्यावर ३७० वॅटांचा एक स्विच आहे आणि त्याला दुसऱ्या वर्गाचे २८ टेलिफोन जोडलेले आहेत. त्यांच्यासाठी २८ गुणिले ७, म्हणजे १९६ वॅट राखले गेले; शिल्लक १७४ वॅट. जुने अ‍ॅक्सेस पॉइंट काढून त्यांच्या जागी चौथ्या वर्गाचे सात नवे बसविले. स्विच जर एकेका अ‍ॅक्सेस पॉइंटाला थेट ३० वॅट मंजूर करीत गेला, तर पहिल्या पाचांना १५० वॅट गेले आणि उरले २४. सहाव्याला ३० देता येत नाहीत. पण पुष्कळ स्विच अशा वेळी अर्ज सरसकट फेटाळीत नाहीत, त्याला पहिल्या प्रमाणाचे १५.४ वॅट देऊन मोकळे होतात. आता शिल्लक ८.६ वॅटांची, आणि सातव्याच्या नशिबी काहीच नाही. सिस्कोच्या स्विचवर `show power inline` ही आज्ञा दिली असता अशा प्रसंगी माथ्यावर पुढील प्रकारची ओळ दिसते:

```
Available:370.0(w)  Used:361.4(w)  Remaining:8.6(w)
```

आणि सातव्या पोर्टाच्या स्थितीत `power-deny` असे लिहिलेले असते. पाच धडधाकट, एक अर्ध्या ताकदीचा आणि एक मृत, असे हे चित्र झाले.

परंतु तीच सामग्री आणि तीच तरतूद असता चित्र निराळेही निघू शकते. काही स्विच आरंभी प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटाला १५.४ वॅटच देतात, आणि तो जागा होऊन एलएलडीपीने अधिक मागेल तेव्हा वरची रक्कम देतात. सातांना १५.४ प्रमाणे १०७.८ वॅट गेले, टेलिफोनांचे १९६ मिळवून ३०३.८ झाले, आणि ६६.२ वॅट शिल्लक राहिले. प्रत्येक बढतीला १४.६ वॅट लागतात. म्हणून चार जणांना ती मिळते, ७.८ वॅट उरतात, आणि तिघे १५.४ वॅटांवरच राहतात. येथे मृत कोणीच नाही. साती दिवे लागलेले आहेत, साती नावे नियंत्रकाच्या यादीत हजर आहेत, आणि तरीही त्यांपैकी तीन आपल्या योग्यतेच्या मानाने पुष्कळच कमी काम करीत आहेत. चार भाग्यवान कोण ठरावे हे केवळ प्रथम कोण जागा होऊन अर्ज करतो यावर अवलंबून असल्यामुळे, रात्री वीज जाऊन परत आली की दुसऱ्या दिवशी तक्रारीची जागाच बदललेली असते. काल बैठकीची खोली कुरकुरत होती, आज हिशेब खाते कुरकुरते. यंत्र जागचे हलले नाही आणि दोष मात्र हलला, असे दिसले की माझ्या मते तारा तपासत बसण्याऐवजी वॅटांची बेरीज करावी.

अर्ध्या ताकदीने चालणे म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटात प्रत्येक रेडिओला अनेक प्रक्षेपण-शाखा असतात, आणि प्रत्येक शाखेला तिचा स्वतंत्र प्रवर्धक. शक्तीचा मोठा वाटा हे प्रवर्धकच खातात. मिळालेले १२.९५ वॅट पुरणार नाहीत असे दिसताच यंत्राचे सॉफ्टवेअर निर्माणकर्त्याने ठरविलेल्या क्रमाने एकेक गोष्ट सोडू लागते: यूएसबीचा पोर्ट बंद होतो, दुसरा इथरनेट पोर्ट असल्यास तो मिटतो, अडीच गिगाबिटांचा दुवा एक गिगाबिटावर येतो, आणि चार शाखांचा रेडिओ दोन, प्रसंगी एकाच शाखेवर उतरतो. शाखा निम्म्या झाल्या की एकाच वेळी पाठविता येणारे स्वतंत्र माहितीप्रवाह निम्मे होतात, अनेक ग्राहकांना एकत्र सेवा देण्याची शक्ती घटते, आणि खोलीच्या कडेला बसलेल्यांकडे जाणारा संकेतही क्षीण होतो. रिकाम्या कार्यालयात एका लॅपटॉपवर वेगाची चाचणी घेणाऱ्यास यांतले फारसे काही जाणवत नाही, कारण बहुतेक लॅपटॉपांना मुळात दोनच शाखा असतात; चाळीस माणसे एकदम दृक्‌श्राव्य बैठकांत गुंतली की मगच उणीव उघडी पडते. मला हा प्रकार बंद पडण्यापेक्षाही अधिक घातक वाटतो. बंद पडलेल्या यंत्राची दखल दहा मिनिटांत घेतली जाते. पण अर्ध्या ताकदीचे यंत्र वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, आणि संस्था पूर्ण ताकदीची किंमत मोजून बसलेली असते. याची निशाणी सापडते ती नियंत्रकाच्या पडद्यावरील वीजस्थितीच्या रकान्यात व स्विचच्या यादीतील १५.४ या आकड्यात. यादीत १५.४ आहे आणि शिल्लक मात्र शंभर-दीडशे वॅट आहे, असे आढळले तर तरतुदीला दोष देऊ नये; बहुधा त्या पोर्टावर कोणी एलएलडीपी बंद करून ठेवलेला असतो, आणि त्यामुळे बढतीचा अर्ज वरपर्यंत पोचतच नाही.

पुन्हा पुन्हा बंद पडण्याचा प्रकार मात्र बहुधा दुसऱ्या रीतीच्या कारभारात घडतो. राखून ठेवण्याच्या पद्धतीत शक्ती वाया जाते हे पाहून काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजून हिशेब ठेवतात, किंवा व्यवस्थापक त्यांना तसे ठेवावयास लावतो. मघाचाच मजला घेऊ. टेलिफोन प्रत्यक्षात प्रत्येकी साडेतीन वॅट घेतात, म्हणजे ९८, गर्दीच्या वेळी सात अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येकी २० वॅट घेतात, म्हणजे १४०, एकूण २३८. एवढी शिल्लक पाहून त्याच स्विचला बारा कॅमेरे जोडले. दिवसा प्रत्येकी ५ वॅट धरले तर ६० वॅटांची भर पडून २९८ होतात, आणि ३७० मध्ये ते सुखाने सामावतात. सारे सुरळीत चालते. हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते, माणसे अजून जागेवर असतात, आणि अंधार पडताच कॅमेऱ्यांतील अवरक्त दिवे लागून प्रत्येकाचा वापर साडेअकरा वॅटांवर जातो. बारा कॅमेऱ्यांचे १३८ झाले, एकूण ३७६ झाले, आणि मर्यादा ओलांडली गेली. अशा क्षणी स्विच एखाद्या पोर्टाची वीज तोडतो. कोणाची, हे प्राधान्यावर ठरते. आणि सर्वांचे प्राधान्य सारखेच ठेवलेले असेल तर पुष्कळ स्विचांत सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पोर्ट बळी जातो. अ‍ॅक्सेस पॉइंट नीटनेटकेपणाने शेवटच्या पोर्टांना लावण्याची आपल्याकडे जी रीत पडलेली आहे, तिचा हा परिणाम.

एक अ‍ॅक्सेस पॉइंट गेला की वापर ३५६ वर येतो, शिल्लक दिसते, आणि स्विच त्याला पुन्हा वीज देतो. सुरू होताना रेडिओ बंद असल्याने तो दहा वॅटांतच भागवितो, म्हणून एकूण ३६६ होतात व कोणाची हरकत नसते. तीन-चार मिनिटांनी रेडिओ चालू होतात, शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांवर गेलेले ग्राहक परततात, त्याचा वापर वीसवर चढतो, एकूण ३७६ होतात, आणि पुन्हा तोच पोर्ट तुटतो. माणसे घरी जाईपर्यंत हे चक्र चालते. रात्री अ‍ॅक्सेस पॉइंटांचे काम ओसरले की कॅमेरे पूर्ण उजेड देत असूनही बेरीज मर्यादेखाली राहते, आणि सकाळी तपासणीला येणाऱ्या तंत्रज्ञाला सर्व काही ठीक दिसते. तक्रार संध्याकाळची आणि तपासणी सकाळची, हे या प्रकरणाचे नेहमीचे दुर्दैव आहे.

तेव्हा निदान कसे करावे? यंत्र आपल्या सॉफ्टवेअरच्या दोषाने बंद पडले असेल, तर ते पुन्हा सुरू होत असताना इथरनेटचा दुवा तुटलेला दिसतो, पण स्विचने दिलेली विजेची मंजुरी कायम असते. स्विचनेच वीज काढून घेतली असेल, तर त्याच्या नोंदवहीत त्याच सेकंदाला त्या पोर्टाची वीज गेल्याची व मागाहून पुन्हा दिल्याची नोंद सापडते; तरतूद अपुरी म्हणून नाकारलेल्या पोर्टाबद्दल सिस्कोच्या नोंदीत `ILPOWER_POWER_DENY` हे शब्द येतात. स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट या दोहोंची घड्याळे एकाच वेळेवर चालत असणे मात्र अवश्य आहे. तिसरी शक्यता तारेची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आपल्या बाजारात स्वस्त मिळते आणि तिचा रोध शुद्ध तांब्याहून निम्म्याने तरी अधिक असतो. दुसऱ्या प्रमाणाच्या हिशेबात स्विचकडून किमान ५० व्होल्ट निघाले आणि तारेत साडेसात गेले, तर यंत्राला साडेबेचाळीस मिळतात, आणि तीच त्याची किमान गरज ठरविलेली आहे; तारेचा रोध १२.५ ऐवजी १५ ओहम झाला की ९ व्होल्ट जातात, ४१ उरतात, आणि यंत्र भार येताच मान टाकते. अशा वेळी स्विचमध्ये शिल्लक भरपूर असते, आणि दोष नेमक्या एकाच लांब तारेला चिकटून राहतो. अ‍ॅक्सेस पॉइंट बदलला तरी जात नाही आणि वीज जाऊन आली तरी जागा बदलत नाही.

उपाय हिशेबातूनच निघतात. सर्वांत स्वस्त उपाय प्राधान्याचा: अ‍ॅक्सेस पॉइंटांना वरचे प्राधान्य द्यावे आणि ज्याच्या क्षणभर जाण्याने काही बिघडत नाही अशा पोर्टाला खालचे. कॅमेऱ्यांना खाली ढकलण्यापूर्वी सुरक्षा खात्याची संमती घ्यावी, नाहीतर एक तक्रार मिटवून दुसरी ओढवून घेतल्यासारखे होईल. जेथे राखीव पद्धतच चालू आहे तेथे महत्त्वाच्या पोर्टाला कायमची रक्कम बांधून देता येते. सिस्कोमध्ये ती `power inline static max 30000` या आज्ञेने मिलिवॅटांत सांगतात. मात्र याने पुंजी वाढत नाही, केवळ वाटणीचा क्रम ठरतो. मजल्यावर दोन स्विच असल्यास शेजारशेजारचे अ‍ॅक्सेस पॉइंट आळीपाळीने दोहोंवर वाटणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण एका स्विचची तरतूद आटली तरी प्रत्येक जागेला शेजारच्या यंत्राचा आधार उरतो. एक-दोनच यंत्रे उपाशी राहत असतील तर त्यांच्या तारेवर स्वतंत्र इंजेक्टर बसवावा. सातासाठी सात इंजेक्टर भिंतीला लटकविण्याची वेळ आली, तर ७४० वॅटांचा स्विचच घ्यावा. तो घेताना त्याला वीज पुरविणारा यूपीएस तेवढा भार सोशील की नाही हेही पाहावे लागते, कारण पीओईचे ७४० वॅट, स्विचचा स्वतःचा खर्च आणि सप्लायमधील नाश हे सारे शेवटी त्याच्याच माथी येते. एक मार्ग मात्र मी कोणासही सुचविणार नाही: यंत्राची मागणी प्रत्यक्षाहून कमी आहे असे स्विचला आज्ञेने खोटेच सांगून शिल्लक फुगविणे. त्याने वहीतली बेरीज जमते, पण सप्लायची क्षमता तीच राहते, आणि भाराच्या दिवशी एका पोर्टाऐवजी सबंध स्विच खाली बसण्याची भीती असते.

खरेदीच्या कागदांत अ‍ॅक्सेस पॉइंटाचा वेग, अँटेना आणि हमी यांचा तपशील असतो, पण तो कोणत्या वर्गाची वीज मागतो याचा रकाना बहुधा नसतोच. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांना एवढीच विनंती, की नव्या यंत्रांची मागणी नोंदविण्यापूर्वी स्विचवर `show power inline` सारखी एक आज्ञा द्यावी, शिल्लक वॅटांचा आकडा कागदावर उतरवून त्याला ३० ने भागावे, आणि येणारा पूर्णांक मागणीतील नगांच्या संख्येहून लहान असेल तर स्विचची तरतूद त्याच मागणीपत्रात मांडावी.